वर्षाचे मत की ३१ मार्चचे?

बुटीबोरीतील आमच्या कारखान्याचा अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख म्हणून गेल्या मे महिन्यात मी नागपूरच्या कार्यालयात संचालक मंडळापुढे वार्षिक अहवाल मांडला. भाषण बारा मिनिटांचे होते, पण त्यातले मताचे एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

अडचण कोळशाच्या वजनकाट्याची होती. ट्रकचे वजन काट्यावरून थेट संगणकात उतरते आणि त्यावरून पुरवठादाराचे बिल मंजूर होते. जोडणी तुटली तरच वजन हाताने भरता येते, आणि त्या नोंदीवर शिफ्ट इनचार्जची सही लागते. जुलै ते सप्टेंबर या काळातल्या अशा ४० नोंदी आम्ही तपासल्या, तेव्हा ११ नोंदींवर सही नव्हती. जानेवारीत सहीशिवाय नोंद पुढे जाणारच नाही अशी सोय झाली आणि त्यानंतरच्या मार्चअखेरपर्यंतच्या सर्व १९ नोंदी बरोबर निघाल्या.

व्यवस्थापनाचा आग्रह होता की दोष दुरुस्त झाला आहे आणि दरमहा होणाऱ्या ढिगाच्या मोजणीत तूटही आलेली नाही, तेव्हा ‘नियंत्रणे समाधानकारक’ असेच लिहावे. मला ते पटले नाही. ढिगाचे आकारमान मोजून त्याला घनतेने गुणून काढलेल्या वजनात काही टक्क्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे अधूनमधून एखाद्या ट्रकमध्ये अर्धा टन कमी आला तर ही मोजणी ते पकडू शकत नाही. तूट न दिसणे आणि तूट नसणे यांत अंतर आहे, आणि ते मोजणीच्या अचूकतेवर ठरते.

शेवटी मी असे वाचले : “कोळसा आवकीच्या वजन नोंदीवरील नियंत्रण वर्षातील पहिले नऊ महिने परिणामकारक नव्हते, ३१ मार्च रोजी ते परिणामकारक होते. तपासलेल्या इतर प्रक्रियांबाबत आमचे मत समाधानकारक आहे. आमची खात्री वाजवी आहे, संपूर्ण नाही.”

एका स्वतंत्र संचालकांनी लगेच विचारले, “वैधानिक लेखापरीक्षकांनी तर नियंत्रणांवर स्वच्छ मत दिले आहे, मग तुमचे वेगळे कसे?” कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४३(३)(आय) खालील त्यांचे मत वित्तीय अहवालाशी निगडित नियंत्रणांबद्दल आणि ताळेबंदाच्या तारखेचे असते, माझे मत पूर्ण वर्षाचे आहे, असे मी सांगितले. दोन्ही मते एकाच वेळी खरी असू शकतात.

त्यावर लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्ष मॅडमनी नेमके बोट ठेवले. “नऊ महिने म्हणता, पण नमुना तर सप्टेंबरपर्यंतचाच आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरचे काय?” त्या काळात हाताने भरलेल्या सहाच नोंदी होत्या आणि त्यांतल्या दोन बिनसहीच्या होत्या. हा तपशील परिशिष्टात होता, भाषणात मात्र मी तो घेतला नव्हता. त्यांच्या सूचनेवरून तो मताच्या वाक्याखाली इतिवृत्तात नोंदवला गेला.