कान तुटलेल्या मगांचा सोमवार

त्या सोमवारी पॅकिंगच्या टेबलावर नऊ परत आलेले खोके होते. प्रत्येकात चार सिरॅमिक मगांचा सेट आणि प्रत्येकात किमान एका मगाचा कान तुटलेला. बबल रॅप बंद करून कागदी भरण सुरू केल्यानंतर पाठवलेल्या पहिल्या दोनशे खोक्यांतले हे नऊ. बबल रॅपच्या काळात दोनशेमागे दोन-तीन यायचे.

कागदाला दोष देऊन मोकळं होणं सोपं होतं, पण हाच खोका आमच्या चाचणीत पास झाला होता. आयएसटीए या पॅकिंग तपासणीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १ए चाचणीत दहा किलोच्या आतला खोका ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा बाजूंवर. आम्ही ते नीट केलं होतं आणि एकही मग फुटला नव्हता.

म्हणून परत आलेले खोके वरून उघडायचे नाहीत असं ठरवलं. खोका होता तसाच ठेवला, एक उभी बाजू ब्लेडने खिडकीसारखी कापली आणि आत काय दिसतं ते पाहिलं. नऊपैकी सात खोक्यांत एकच चित्र होतं. पॅक करताना तळाशी दोन सेंटिमीटर जाडीचा चुरगळलेला क्राफ्ट कागद होता, तो दबून चार मिलिमीटरची पोळी झाला होता. मग खाली बसले होते, एकमेकांना टेकले होते, आणि त्यांच्या डोक्यावर तीन बोटं रिकामी जागा तयार झाली होती.

आमची चूक दिसली. खोका ताजा पॅक करून लगेच टाकला होता. १ए मध्ये टाकण्याच्या आधी कंपनाची पायरी असते, खोक्याला १४,२०० बारीक हादरे देण्याची. आमच्याकडे कंपनाचं टेबल नाही, म्हणून ती गाळली. बबल रॅपला ते चाललं असतं, कारण हवेचा फुगा दाबला तरी पुन्हा वर येतो. चुरगळलेला कागद तसा नाही. त्याच्या सुरकुत्या एकदा मोडल्या की मोडल्या. गाडीतल्या हजारो हादऱ्यांत तो दबतो, हलका असल्याने कडेने वर सरकतो, आणि वजन खाली उतरतं.

चार मिलिमीटरने काय बिघडतं, याचा ढोबळ हिशोब सोपा आहे. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. ७६ सेंटिमीटरवरून पडलेला मग दोन सेंटिमीटरच्या प्रवासात एकसारख्या जोराने थांबला, तर त्याला गुरुत्वाच्या सुमारे ३८ पट झटका बसतो. चार मिलिमीटरमध्ये थांबला, तर १९० पट. प्रत्यक्षात जोर एकसारखा नसतो आणि गादी पूर्ण दबतही नाही, त्यामुळे खरे आकडे याहून वाईटच. मगाचं अंग हे सोसेलही, पण कान दोनच ठिकाणी चिकटलेला असतो आणि तडा तिथूनच जातो.

दुपारपर्यंत बदल ठरले. पहिला बदल भरणात नव्हता, खोक्यात होता. जुना खोका ३५×३०×२० सेंटिमीटरचा, आणि त्यातली निम्म्याहून अधिक जागा भरायची म्हणून भरलेली. नवा घेतला ३०×२६×१५ चा, तीन पदरी पुठ्ठ्याचा, आत पुठ्ठ्याचंच अधिकाच्या चिन्हासारखं पार्टिशन. पार्टिशनमुळे एक मग दुसऱ्या मगाला भिडत नाही. चारही मग एका भरणात सैल ठेवले की ते एकमेकांनाच फोडतात. पार्टिशनच्या पुठ्ठ्याच्या थरांमधल्या नागमोडी नाल्या उभ्या हव्यात. पुरवठादाराने पहिल्यांदा आडव्या नाल्यांची दिली होती, ती बोटाने दाबली तरी वाकत होती.

मगाचा व्यास साडेआठ सेंटिमीटर, कानासकट लांबी बारा, उंची साडेनऊ. १५×१३ च्या कप्प्यात तो कान खोक्याच्या मधोमध, पार्टिशनकडे करून ठेवायचा. याला काही खर्च नाही, पण फरक मोठा पडतो: बाहेरच्या भिंतीकडे मगाची गोल, मजबूत पाठ येते आणि तिथे दोन सेंटिमीटर गादीही मिळते.

मगाभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखा जाळीदार कागद, दोन वेढे. हा कागद गुंडाळताना ताणावा लागतो, तेव्हाच त्याच्या चिरा उघडून कप्पे उभे राहतात. न ताणता गुंडाळला तर तो नुसता जाड कागद. फार ताणला तर कप्पे लांबट होऊन आडवे झोपतात. योग्य ताणलेल्या कागदाच्या जाळ्या एकमेकींत अडकतात आणि टेप लागत नाही. वेढा सुटायला लागला तर ताण कमी पडला असं समजायचं. मगाच्या आत चुरगळलेल्या कागदाचा एक गोळा, काठाला आतून आधार म्हणून.

तळाला मात्र सैल कागद पूर्ण बंद केला. तिथे जुन्या खोक्यांचा पुठ्ठा कापून चार थर, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर, आणि त्यावर घट्ट घडी घातलेला क्राफ्ट कागद. पुठ्ठा एकाच धक्क्यात थोडा चिरडतो, पण नुसत्या हादऱ्यांनी बसत नाही. वरच्या बाजूला कागद काठाच्या एक-दीड सेंटिमीटर वर येईल इतका भरायचा, म्हणजे झाकणं बंद करताना तो दाबला जातो. बंद खोका कानाशी धरून हलवायचा. खळखळ ऐकू आली तर उघडायचा.

खर्चाचं म्हणाल तर जाळीदार कागद बबल रॅपपेक्षा महागच पडला आणि पॅकिंगला खोक्यामागे जवळपास एक मिनिट जास्त लागलं. बचत झाली वाहतुकीत. बरेच कुरिअर घनफळावरून वजन धरतात: लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार भागिले ५०००. जुन्या खोक्याचे ४.२ किलो व्हायचे, नव्याचे २.३४. प्रत्यक्ष वजन दोन किलोच्या आसपास, म्हणजे आता हवेचं भाडं जवळजवळ नाहीच. नुसतं भरण बदलून खोका तोच ठेवला असता, तर कागद परवडलाच नसता. साच्यातल्या कागदी लगद्याचे ट्रेही पाहिले. तो साचा करून घेण्याचा खर्च आमच्या संख्येला झेपणारा नव्हता.

यावेळी चाचणी बदलली. पाच खोके डिलिव्हरीच्या गाडीत मागच्या चाकावर दोन दिवस फिरवले आणि त्यानंतर टाकले. खिडकी कापून पाहिली तेव्हा तळ दोन-तीन मिलिमीटरच बसला होता. आणखी दोन खोके रात्रभर दमट जागी ठेवून टाकले. त्यातल्या एकाचा कोपरा आत गेला आणि एक मग गेला. पुठ्ठा ओल धरली की झपाट्याने नरम पडतो, आणि पावसाळी मालासाठी आम्हाला पाच पदरी खोका घ्यावा लागला.

पुढच्या दोनशे खोक्यांत एकच तक्रार आली. तरी बबल रॅपचे उरलेले रोल फेकले नाहीत. अगदी तीनशे खोके एकही फूट न होता गेले, तरी संख्याशास्त्राच्या ढोबळ नियमाने खरा फुटीचा दर एक टक्क्यापर्यंत असू शकतो (तीन भागिले तीनशे), आणि आमचा जुना दरही तेवढाच होता. म्हणून हजार खोके होईपर्यंत प्रत्येक परतीच्या खोक्याला खिडकी कापून आतला फोटो काढायचा, असं टेबलावर लिहून ठेवलं आहे.