गाळलेलं वाक्य

दुपारपासून एकच डोक्यात घोळतंय. ते वाक्य मी का गाळलं?

ऑफिसला मेसेज केला होता, "सर, माझे दोन पेपर एकाच तारखेला आलेत, कृपया मदत करा." नाव नाही, पीआरएन नाही, विषय नाही. तासाभराने उत्तर आलं, "टाइमटेबल नीट बघा. एका वर्गाचे दोन पेपर एका वेळी येत नाहीत."

खरंच आहे. एका वर्गाचे येत नाहीतच. माझा एक पेपर पाचव्या सेमिस्टरचा आहे आणि दुसरा तिसऱ्यातला राहिलेला स्टॅटिस्टिक्स. नेमकं तेवढंच सांगायला जीभ रेटली नाही, आणि तेवढ्यावाचून त्या मेसेजला अर्थच नव्हता.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून रडून घेतलं. वर्गातल्या बाकीच्यांचं कसं सरळ चाललंय. प्राजूला फोन लावणार होते. राहू दे.

मग तिथंच दोन्ही वेळापत्रकं नीट बघितली. नुसती तारीख बघून चालत नाही, वेळही बघावी लागते. एक सकाळी आणि एक दुपारी असता, तर दमले असते, पण दोन्ही देता आले असते. माझे दोन्ही साडेदहालाच. प्रत्येक सेमिस्टरचं वेळापत्रक वेगळं लागतं, त्यामुळे रेग्युलर मुलांना काही होत नाही. अडकतो तो विषय राहिलेलाच. आणि तो मी सांगितल्याशिवाय ऑफिसला दिसणार कसा? गप्प बसून एकाच पेपरला गेले असते, तर दुसऱ्यापुढे गैरहजर लागलं असतं.

पुन्हा लिहिलं. पूर्ण नाव, पीआरएन, वर्ग, मग, "सेमिस्टर 5 चा कॉस्टिंग आणि सेमिस्टर 3 चा बॅकलॉग स्टॅटिस्टिक्स, दोन्ही एकाच दिवशी सकाळी 10.30 ला आहेत." खाली दोन्हींचे विषय कोड, आणि दोन्ही वेळापत्रकांचे फोटो. 'बॅकलॉग' दोनदा खोडला, तिसऱ्यांदा तसाच ठेवला.

या वेळी दहा मिनिटांत उत्तर. उद्या अकराच्या आत प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज, सोबत दोन्ही परीक्षा फॉर्मच्या पावत्यांची झेरॉक्स. कॉलेज तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवणार. वेळ बदलून मिळेल का, ते तिथं ठरेल. शेवटी लिहिलं होतं, "आधी सांगायचं की, बाळ."

बाळ वाचून पुन्हा डोळे भरले. सर रागावले नव्हते. मीच धरून बसले होते, दोन सेमिस्टर झाली, एक विषय राहिला म्हणून.

अर्ज लिहून झालाय. पावत्या वहीत ठेवल्यात. आई विचारत होती, उद्या एवढ्या लवकर कुठं? म्हटलं, स्टॅटिस्टिक्स राहिलाय, त्याचा अर्ज द्यायचाय. ती कणीक मळत होती. थोडं थांबून म्हणाली, "डबा लवकर करू का मग?"