तुम्ही विचारलंत म्हणून: सरकत्या लेअरवरचा प्रकाश

"क्रिटात अ‍ॅनिमेशनची पार्श्वभूमी लेअर पाडून रंगवते. स्थिर चित्र छान दिसतं, पण कॅमेरा सरकला की प्रकाश विस्कटतो. असं का होतं? आणि दर वेळी ब्रश तसाच्या तसा कसा मिळवायचा?"

आधी सावली कुठल्या लेअरवर आहे ते बघा. समजा चौकट १९२० × १०८० पिक्सेलची आहे. पुढे झाड, मधे कुंपण, मागे टेकड्या. कॅमेरा फिरताना झाड ९०० पिक्सेल सरकणार, कुंपण ५०० आणि टेकड्या १५०. झाडाची जमिनीवर पडलेली सावली तुम्ही कुंपणाच्या लेअरवर रंगवली असेल, तर शॉट संपेपर्यंत ती बुंध्यापासून ४०० पिक्सेल दूर गेलेली असते. म्हणून झाड, त्याच्या बुडाशी असलेला जमिनीचा तुकडा आणि त्यावरची सावली हे तिन्ही एकाच ग्रुपमध्ये हवेत. तुकड्याची कड गवताच्या पात्यांनी तोडा, म्हणजे मागच्या जमिनीशी सांधा दिसत नाही. सावली तुकड्याबाहेर जात असेल तर तुकडा वाढवा, सावली मागच्या लेअरवर नेऊ नका. रुंदीही याच हिशोबानं धरायची: चौकट अधिक सरकणं. झाडाचा लेअर किमान २८२० पिक्सेल, कुंपणाचा २४२०, टेकड्यांचा २०७०.

त्या ग्रुपच्या आत आणखी दोन ग्रुप करा, एक जमिनीचा आणि त्याच्या वर एक झाडाचा. प्रत्येकात खाली मूळ रंग आणि त्यावर सावलीचा लेअर. सावलीला Multiply मोड द्या आणि Inherit Alpha चालू करा. Inherit Alpha त्याच ग्रुपमध्ये खाली जे जे आहे त्या सगळ्याचा आकार घेतो. त्यामुळे जमीन आणि झाड एकाच ग्रुपमध्ये राहिले, तर बुंध्याची सावली जमिनीवर सांडते. आणि ग्रुपच केला नाही, तर तळाचा भरलेला लेअर हाच आकार ठरतो आणि सावली सगळीकडे पसरते. ग्रुपचा Pass Through मात्र बंद ठेवा. तो चालू असला की Multiply मागच्या टेकड्यांनाही काळवंडतो, आणि ग्रुप वेगळा काढून एक्स्पोर्ट केल्यावर रंग बदललेला दिसतो.

आता दिशा. लांब सरकणाऱ्या शॉटसाठी सूर्य अगदी बाजूला, समजा डावीकडे, धरणं सगळ्यात सोयीचं. सूर्य समोर असला तर जमिनीवरच्या सावल्या क्षितिजावर सूर्याच्या बरोबर खालच्या बिंदूतून निघाल्यासारख्या दिसायला हव्यात, आणि लेअर वेगवेगळ्या वेगानं सरकले की तो बिंदू प्रत्येक लेअरसाठी वेगळा होतो. बाजूच्या सूर्यात सपाट जमिनीवरच्या सगळ्या सावल्या क्षितिजाला समांतर राहतात. लांबीचं प्रमाण एकदाच ठरवा. उंचीच्या दीडपट ठरवलीत, तर २०० पिक्सेलच्या खांबाची सावली ३०० आणि लांबच्या ४० पिक्सेलच्या खांबाची ६०. किरणांचा उतार धरायला Parallel Ruler हा असिस्टंट एकदा मांडा आणि ब्रशच्या टूल ऑप्शन्समध्ये Snap to Assistants चालू ठेवा.

एक झुडूप उलटं करून दुसरीकडे वापरायचा मोह होतो, आणि प्रकाश फसतो तो तिथेच. फक्त मूळ रंगाचा लेअर उलटा करा. सावलीचा लेअर रिकामा करून डावीकडच्या सूर्यानुसार पुन्हा रंगवा. लहान झुडपाला फार वेळ लागत नाही.

ब्रशमध्येही हीच चूक लपलेली असते. पानांच्या ब्रशच्या टोकातच उजेड आणि सावली चितारलेली असेल आणि Rotation ला Fuzzy Dab लावलेला असेल, तर प्रत्येक पान वेगळ्याच दिशेनं उजळलेलं दिसतं. असं टोक Alpha Mask मोडवर ठेवूनही भागत नाही, कारण त्यात टोकाचा उजळ भाग पारदर्शक होतो; त्याऐवजी पानाचा सपाट काळा आकार असलेलं टोक Alpha Mask मोडवर वापरा, म्हणजे त्यातून फक्त आकार उमटेल. उजेड वेगळ्या लेअरवर द्या.

ब्रश बदलल्यासारखा वाटतो याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. साइज किंवा ओपॅसिटी हलवलीत, दुसरा प्रीसेट घेतलात आणि परत आलात, की केलेला बदल पुसला जातो. Temporarily Save Tweaks To Presets चालू असेल तर तो टिकतो, पण नावाप्रमाणे तात्पुरताच. जमलेली सेटिंग F5 दाबून ब्रश एडिटरमधून नव्या नावानं सेव्ह करा.

नावं अंतरानुसार ठेवा: पोत-पुढे, पोत-मधे, पोत-मागे. ब्रशची साइज कमी केली तरी त्याच्या Texture चा पॅटर्न लहान होत नाही, त्याचं Scale वेगळं असतं. झाडाच्या सालीसाठी जमवलेला पोत फक्त साइज कमी करून टेकडीवर फिरवला, तर दाणा तेवढाच मोठा उमटतो आणि टेकडी हाताच्या अंतरावर आल्यासारखी वाटते. पोत-मागे मध्ये Scale निम्म्यावर आणून बघा आणि चित्र १०० टक्के झूमवर तपासा. झूम कमी असताना दाणा विरून जातो आणि ही चूक दिसतच नाही.