‘मधून’ कुणाला लागलंय?

दुपारची झाकपाक करून जरा टेकले होते, तेवढ्यात भाची वही आणि उत्तरांची चार पानं घेऊन आली. “आत्या, माझी गाडी उलटी जातेय.”

गाडी उदाहरणातली होती. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला समोर रस्त्यात एक मूल दिसल्यावर तो ब्रेक लावतो. गाडीचं मंदन 5 m/s² असेल, तर ब्रेक लावल्यावर ती किती अंतरावर थांबेल? हिचं उत्तर आलं होतं उणे ४० मीटर. म्हणजे ब्रेक लावला आणि गाडी चाळीस मीटर मागे जाऊन थांबली. मुलाच्या दृष्टीने उत्तमच.

मी पान हातात घेतलं आणि सवयीने पुटपुटायला लागले, “व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक टू ए एस.” आता यातला ‘वर्ग’ मराठी, ‘बरोबर’ मराठी, ‘अधिक’ मराठी, पण ‘दोन ए एस’ म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. का, ते विचारू नका. तसं म्हटलं की सूत्र चुकल्यासारखं वाटतं एवढं खरं.

ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, हा सुरुवातीचा वेग u. शेवटी गाडी थांबते, म्हणून शेवटचा वेग v शून्य. a म्हणजे त्वरण आणि s म्हणजे अंतर. तिने लिहिलं होतं:

0 = 400 + 10s

आकडेमोडीत काहीच चूक नाही. चूक होती पानाच्या मराठी भागातून सूत्राच्या भागात उतरताना. ‘मंदन’ या शब्दाच्या पोटातच उणे चिन्ह आहे. मंदन 5 म्हटलं की वेग सेकंदाला पाचाने कमी होतोय हे मराठीत सांगून झालं. सूत्राला मात्र मंदन हा शब्दच माहीत नाही, त्याला फक्त त्वरण कळतं. त्यामुळे सूत्राच्या दारात शिरताना शब्दाच्या पोटातलं उणे बाहेर काढून आकड्यासमोर ठेवावं लागतं, a = −5. मग 0 = 400 − 10s, आणि गाडी चाळीस मीटर पुढे जाऊन निमूट उभी राहते. याच्या उलटही होतं. काही जण मंदन −5 असं लिहितात. मग शब्दातलं उणे आणि आकड्यातलं उणे एकमेकांना खातात आणि ब्रेक लावल्यावर गाडी पळत सुटते.

“पण उत्तरात तर सरळ a = −5 लिहिलंय. कुठून आलं ते नाही सांगितलं,” भाची म्हणाली. खरंच नव्हतं सांगितलं. अशा पानांवर ही एक पायरी नेहमी गाळलेली असते. वरच्या ओळीत मराठी, खालच्या ओळीत सूत्र आणि मधल्या फटीत विद्यार्थी.

त्या फटीत मीही पडलेली आहे. सातवीत असेन. ‘एक संख्या ८ मधून वजा केली तर ३ उरतात, तर ती संख्या कोणती?’ वाक्यात संख्या आधी आली, आठ नंतर आले, म्हणून मी x − 8 = 3 लिहिलं आणि ११ हे उत्तर काढून दोन रेघांनी अधोरेखितसुद्धा केलं. बाई वहीवर वाकल्या. “आठ लाडूंतून अकरा लाडू खाऊन तीन उरव बरं,” असं काहीतरी म्हणाल्या आणि वर्ग हसला. मग वाक्यातल्या ‘मधून’वर बोट ठेवून म्हणाल्या, “हे कुणाला लागलंय ते बघ. ज्याला लागलंय तो आधी लिहायचा.”

मराठी वाक्यात शब्द कुठेही बसवा, प्रत्यय त्यांची ओळख सांगतात. ‘५ ने २० ला भागा’ आणि ‘२० ला ५ ने भागा’ यांत काडीचा फरक नाही. सूत्रात प्रत्ययच नसतात, तिथे फक्त जागा. 5/20 आणि 20/5 मध्ये सोळापटीचा फरक पडतो. डोळा मात्र वाचला त्याच क्रमाने लिहीत जातो. मी आजही भागाकार लिहिण्याआधी ‘ला’ शोधते. ज्याला ‘ला’ तो वर, ज्याला ‘ने’ तो खाली.

बाकी या पानांवर माझे डोळे अडखळायला आणखीही कारणं असतात. कुणीतरी ‘n-व्या पदाला’ लिहितं आणि मला ती जोडरेघ वजाबाकीची वाटते. n मधून व्या वजा. गुणोत्तर ‘अ:ब’ असं चिकटवून लिहिलं की मी विसर्गासकट ‘अः’ म्हणून मोकळी होते. आणि १ हा 9 चा जुळा भाऊ असल्यामुळे एकाच ओळीत दोन्ही पद्धतींचे अंक आले की मी बोट ठेवून वाचते.

पण खरी गंमत s ची. भाचीच्या पानावर ‘10s’ होतं, आणि पुढच्याच उदाहरणात वेळ दिली होती, तीही ‘10s’. तिने विचारलं, “हे दोन्ही एकच का?” छापील पुस्तकात राशीचं अक्षर तिरकं आणि एककाचं सरळ छापतात, शिवाय आकडा आणि एकक यांच्यात थोडी जागा सोडतात. त्यामुळे आकड्याला चिकटलेला तिरका s म्हणजे अंतराची दहापट आणि जागा सोडून आलेला सरळ s म्हणजे दहा सेकंद. टाइप केलेल्या पानावर सगळीच अक्षरं सरळ उभी आणि जागाही गिळलेली. m चं तेच. s = 40 m मध्ये तो मीटर, F = ma मध्ये तो वस्तुमान. मी तिला सांगितलं, मराठी वाक्य वाच. ‘10s नंतर’ असेल तर सेकंद. अंतराला कुणी ‘नंतर’ म्हणत नाही.

तिला ते पटलं. उणे खोडून अधिक चाळीस करून ती उठली, आणि दारातून परत वळली. “म्हणजे मूल पंचेचाळीस मीटरवर असेल तर वाचेल ना?”

मी हो म्हणणार होते. मग प्रश्न पुन्हा वाचला. ‘मूल दिसल्यावर’ तो ब्रेक लावतो, आणि अंतर विचारलंय ‘ब्रेक लावल्यावर’चं. दिसल्यावर आणि लावल्यावर. पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद लागला असं धरलं, तर तेवढ्या वेळात गाडी त्याच वेगाने २० मीटर पुढे आलेली असते. चाळीस त्याच्यानंतर सुरू होतात.

“नाही,” मी म्हटलं.