सरेंडरच्या कागदावर अडकलेली एसएलपी

बांधाच्या भांडणात थोरल्या दादाला जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२६ खाली, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत केल्याबद्दल, पाच वर्षं सक्तमजुरी लागली. औरंगाबाद खंडपीठाने अपील फेटाळलं आणि हजर व्हायला मुदत दिली. दादा म्हणाला, "दिल्लीत अर्ज टाक, तवर मी बाहेरच राहतो." दिल्लीतला हा अर्ज म्हणजे एसएलपी, सुप्रीम कोर्टाकडे अपिलाची विशेष परवानगी मागणारी याचिका. पण तसं होत नाही. माझा राग आहे तो इथेच.

सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या नियमांत साफ लिहिलंय की शिक्षा झालेल्या माणसाने सरेंडर केल्याचा पुरावा जोडायचा, नाहीतर सूट मागणारा अर्ज द्यायचा. सूट मिळेपर्यंत पिटीशन रजिस्टरच होत नाही. मग दादाला सेशन कोर्टापुढे हजर केलं, तिथून तो आत गेला. आता तुरुंगाचं कस्टडी सर्टिफिकेट हवं. कचेरीतल्या बाबूने दिलं ते खटला चालू असतानाच्या जुन्या अटकेचं. हायकोर्टाच्या निकालानंतर कधी आत आला, हेच त्यात नाही. दिल्लीच्या वकिलांनी फोनवर ऐकूनच नकार दिला. बाबू म्हणे, "आमचा नमुना हाच." शेवटी लेखी अर्ज दिला, सेशन कोर्टाच्या वॉरंटची नक्कल लावली, तेव्हा नवा कागद निघाला. सर्टिफिकेट हातात पडल्याबरोबर केस नंबर, कलम आणि निकालानंतरची दाखल तारीख तिथंच उभं राहून वाचा.

तोवर एसएलपी दाखल करायच्या नव्वद दिवसांच्या मुदतीचं घड्याळ चालूच होतं. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. तरी उशीर झालाच, तर माफीच्या अर्जात कारण सांगावं लागतं. मराठी जबाब नि पंचनाम्यांचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. दाखल मात्र अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे सुप्रीम कोर्टात तशी नोंदणी असलेला वकीलच करतो, आपला जिल्ह्याचा वकील नाही.

आता मुद्द्याचं. घरचे सगळे म्हणत होते, साक्षीदार खोटे बोलले असं लिहा. वकिलांनी ते खोडलं. घटनेच्या अनुच्छेद १३६ खालची एसएलपी म्हणजे आणखी एक अपील नव्हे. १९५० च्या प्रीतम सिंग निकालापासून कोर्ट विचारतं, असाधारण परिस्थिती आणि मोठा अन्याय कुठे आहे? दोन्ही कोर्टांनी एकच निष्कर्ष काढला असेल तर पुरावा पुन्हा तोलत नाहीत.

आमच्या हाती एक गोष्ट होती. हायकोर्टाच्या निकालात हाड मोडल्याचा एक्स-रे रेकॉर्डवर असल्याचं लिहिलंय, पण निशाण्यांच्या, म्हणजे कोर्टात नोंदलेल्या पुराव्यांच्या, यादीत ना प्लेट, ना रिपोर्ट. रेडिओलॉजिस्ट तपासलाच नाही. हाड मोडल्याचं सिद्ध नसेल तर दुखापत गंभीर कशी? मग ३२६ ऐवजी घातक हत्याराने साध्या दुखापतीचं ३२४ राहतं, त्यात शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. वकिलांनी निकालातलं ते वाक्य आणि यादीचं पान अर्जात समोरासमोर ठेवलं.

सुनावणी काही मिनिटांची झाली. नोटीस निघाली, पण फक्त कलमाच्या प्रश्नापुरती. निर्दोष सोडण्याचा मुद्दा तिथंच संपला. जामिनाचा अर्ज आता पुढच्या तारखेला आहे.