फोटो पास, तरी घड्याळ मुंबईला पाठवा!

मोठेबाबांचं ओमेगा सीमास्टर विकायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, फोटो टाकायचे, भाव ठरायचा, पैसे यायचे. जुन्या महागड्या वस्तू विकणाऱ्या एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर नोंदणी केली. आधार, बँक खातं वगैरे पटापट झालं. पुढचं सगळं अडलं ते फोटोंवर, आणि फोटो पास झाल्यावर त्याहून जास्त अडलं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढे. पहिले फोटो मी अंगणात काढले, एप्रिलच्या उन्हात. सगळे परत आले. कारण लिहिलं होतं, ‘काचेवर चमक, अक्षरं अस्पष्ट.’ या घड्याळाची काच ॲक्रिलिकची आणि फुगीर असते, त्यामुळे तिच्यात आभाळ, माझं डोकं, मोबाईल सगळं दिसतं. सकाळी ओसरीच्या सावलीत, मोबाईलच्या मागे काळं कापड धरून काढले तेव्हा जमलं. मोबाईल अगदी जवळ नेऊ नका. थोडं लांबून दुप्पट झूम केलं तर डायल वाकडी दिसत नाही. आणि भाच्याच्या चांगल्या मोबाईलवरून मागवत असाल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साधा फोटो म्हणून आला की तो दाबून लहान होतो, आणि यांना बघायची असते नेमकी अक्षरांची कड.

ते काय बघतात हे मला हळूहळू कळलं. आधी त्यांचं सॉफ्टवेअर तुमचा फोटो खऱ्या घड्याळांच्या साठवलेल्या फोटोंशी ताडून बघतं: लोगोची ठेवण, अक्षरांतलं अंतर, काट्यांची लांबी. हाच फोटो आणखी कुठल्या जाहिरातीत वापरलाय का, तेही बघतात. मग माणूस बघतो. त्यांनी दिलेला कोड कागदावर लिहून तो घड्याळाशेजारी ठेवायला लावतात, म्हणजे वस्तू खरंच तुमच्या हातात आहे एवढं तरी कळतं.

मग निरोप आला, पाठ उघडून आतले फोटो पाठवा. त्या काळातल्या ओमेगाचा सिरियल नंबर बाहेर नसतोच, तो आत मशीनवर कोरलेला असतो. यवतमाळच्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. ते म्हणाले, “भाऊ, चांगलं चालू हाये, कायले खोलता?” पण पान्यानं पाठ फिरवून काढली. आत तांबूस मशीन, त्यावर ५६५ हा कॅलिबर, म्हणजे मशीनचा मॉडेल क्रमांक, आणि २४ दशलक्षांच्या घरातला सिरियल. झाकणाच्या आतल्या बाजूला 166.010, म्हणजे केसचा, घड्याळाच्या बाहेरच्या कवचाचा, मॉडेल क्रमांक. हे तिन्ही एकमेकांशी जुळतात: ५६५ हे तारीख दाखवणारं ऑटोमॅटिक मशीन, या केसमध्ये ते बसायचं, आणि तो सिरियल साधारण १९६६-६७ चा. मोठेबाबा कुवेतला कामाला होते आणि १९६८ मध्ये त्यांनी हे तिथं घेतलं, म्हणजे घरच्या हिशेबालाही बरोबर बसतं.

मी खूश. ‘फोटो पडताळणी पूर्ण’ असा हिरवा शिक्काही आला. आणि त्याच्याच खाली: प्रत्यक्ष तपासणीसाठी घड्याळ मुंबईच्या केंद्राला पाठवा.

इथं माझं डोकं फिरलं. एवढे फोटो मागवले, पाठ उघडायला लावली, मग आता आणखी काय राहिलं? त्यात आमच्या पिनकोडवर त्यांचा पिकअप नाही. विम्यासह पार्सल घेणारं कुरिअर नागपूरला. कस्टमर केअरवर एकच वाक्य पोपटासारखं: “सर, ही प्रक्रिया आहे.” का आहे, हे सांगायला कोणी तयार नाही. शेवटी नागपूरला जाऊन, त्यांनी सांगितलं तसं पॅकिंगचा सलग व्हिडिओ काढत पार्सल दिलं. (टाकण्याआधी घड्याळाची किल्ली आत दाबलेली आहे ना ते बघा. बाहेर ओढलेली असेल तर वाटेत वाकू शकते.)

‘का’ याचं उत्तर मिळालं ते तपासनिसाच्या फोनवर. माणूस चांगला होता, रागावलेल्या गिऱ्हाईकाशी बोलायची सवय असावी. त्याचं म्हणणं असं की फोटो पास होणं म्हणजे घड्याळ खरं ठरणं नव्हे. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ढोबळ नकली माल फोटोतच गळतो, पण फोटोतलं घड्याळ आणि पार्सलमधलं घड्याळ एकच आहे, हे फोटो सांगू शकत नाही. मूळ केसमध्ये दुसऱ्याच घड्याळाचे खरे सुटे भाग घातलेले असले तर प्रत्येक भाग एकेकटा खराच दिसतो. शिवाय काही गोष्टी फोटोत येतच नाहीत. मूळ ॲक्रिलिक काचेच्या मधोमध आतून इवलासा ओमेगाचा लोगो असतो. तो भिंगाखाली, प्रकाश तिरका पाडल्यावरच दिसतो. मशीनची टिकटिक यंत्रावर ऐकावी लागते. ५६५ तासाला १९,८०० ठोके देतं. आमचं ठोक्यात ठीक होतं.

अडलं डायलवर. त्यानं अतिनील दिवा मारला. त्या काळच्या डायलवर खाली ‘T SWISS MADE T’ असतं. T म्हणजे चमकणाऱ्या रंगात ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ. ट्रिटियम दर बारा वर्षांच्या आसपास निम्मं होत जातं, आणि त्यासोबतचा रंगही झिजतो, त्यामुळे इतक्या वर्षांनी दिवा बंद केला की चमकही लगेच विझायला हवी. काट्यांवरची विझली. डायलवरची चमकत राहिली. म्हणजे काटे जुने आणि डायलवरचा रंग नंतरचा. हे फोटोत कसं दिसणार? मग त्यानं मशीन केसमधून बाहेर काढलं. डायलच्या कडेला, केसच्या ओठाखाली झाकली जाते तिथं, कानशीनं पाडलेली बारीक खाच होती. डायल पुन्हा रंगवणारे जुनी छपाई खरवडून काढण्याआधी दिशा चुकू नये म्हणून अशी खाच पाडतात. घड्याळ केसमध्ये असताना ती दिसायची सोयच नाही, पाठ उघडली तरी नाही.

निकाल: घड्याळ खरं, मशीन मूळ, केस मूळ, डायल ‘रीडायल’. त्यामुळे किंमत मूळ अंदाजाच्या जवळपास निम्म्यावर आली. जुनी घड्याळं गोळा करणाऱ्यांना डाग पडलेली का असेना, पण मूळ डायल हवी असते. आपल्याकडे डायल चकचकीत करून घेणं म्हणजे घड्याळाची काळजी घेणं, आणि म्हणून भारतातून आलेल्या जुन्या घड्याळांकडे ते आधीच संशयानं बघतात.

आईला सांगितलं तर ती सहज म्हणाली, “हो मग, पावसात भिजून काळं पडलं होतं ना. तुझ्या मोठेबाबांनी मुंबईहून रंगवून आणलं होतं.”

ही तपासणी फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ईबेनं २०२० मध्ये अमेरिकेत २,००० डॉलरवरच्या घड्याळांसाठी अशीच सोय सुरू केली. घड्याळ आधी तपासनिसाकडे जातं, मग गिऱ्हाईकाकडे. त्याबद्दल माझी तक्रार उरली नाही. तक्रार फॉर्मबद्दल आहे. त्यात पट्ट्याची रुंदी विचारतात, डबा आहे का विचारतात, बिल आहे का विचारतात. डायल कधी रंगवली होती का, हा रकानाच नाही. असता तर मी आईला विचारलं असतं, आणि पहिल्या दिवशीच खरा भाव सांगितला असता. तुम्ही विकणार असाल तर फोटोसोबतच्या टिपेत हे स्वतःहून लिहा, आणि पाठवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सध्या घड्याळ ‘रीडायल’ असं लिहून जाहिरातीत आहे. पैठणच्या एका गृहस्थांनी विचारणा केलीय, आणि त्यांनी पहिल्यांदा मागितला तो मशीनचा फोटो.