पेडण्याच्या घरातलं ऑटोमेशन पॅनल: एमसीबी किती अँपिअरचे, आरसीसीबी किती मिलिअँपिअरचे

मामांचं पेडण्यातलं चिऱ्याचं घर वर्षातला बराच काळ बंद असतं. दिवे, विहिरीवरचा पंप, गीझर आणि बागेतले दिवे कोल्हापुरात बसून चालवता यावेत म्हणून घरीच एक पॅनल जुळवलं होतं: २४ व्होल्टचा एसएमपीएस, ईएसपी३२ कंट्रोलर आणि १० अँपिअरची रिले मॉड्यूल. ते बसवायला मेअखेरीस गेलो आणि चवथीला पुन्हा जाऊन पावसात ते कसं वागतंय ते पाहून आलो. असं काही करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय. पॅनल जुळवणं सोपं असतं, डोकं खाल्लं ते ब्रेकरच्या निवडीने.

रस्त्याबद्दल थोडक्यात. कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीला गोव्यात शिरायचं. सुटं सामान म्हापशाला मिळतं, पण शुक्रवारी बाजाराचा दिवस असतो, गाडी लावायला जागा मिळणार नाही. आणि ‘ए’ टाइपचे आरसीबीओ, म्हणजे ओव्हरलोड-शॉर्टला पडणारा एमसीबी आणि करंट गळला की पडणारा आरसीसीबी एकाच डब्यात, घरूनच घेऊन जा. मला म्हापशात ‘एसी’ टाइपच दाखवले. एसएमपीएस, एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर फ्रिज यांच्या आत रेक्टिफायर असतो, त्यामुळे त्यांच्यात बिघाड झाला तर गळणारा करंट तुटक डीसी स्वरूपाचा असू शकतो. ‘एसी’ टाइपने तो ओळखावा ही अपेक्षाच चूक.

आधीची मांडणी बहुतेक घरांत असते तशीच: मुख्य स्विच, मग सगळ्या घराला मिळून ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा एकच आरसीसीबी, आणि त्यामागे एमसीबींची रांग. मामांचं म्हणणं, “चाळीसचा आहे ना रे, मग एवढ्याशा पॅनलने त्याचं काय बिघडणार?” पण त्यावरचा ४० हा आकडा म्हणजे त्याच्यातून किती करंट जाऊ द्यायचा ती मर्यादा. ओव्हरलोड झाला म्हणून आरसीसीबी पडत नाही, ते काम एमसीबीचं, आणि आरसीसीबीला जळण्यापासून वाचवायलाही आधी एमसीबी लागतो. आमच्या खऱ्या अडचणीचा आकडा दुसरा होता, किती करंट गळल्यावर पडायचं तो, ३० मिलिअँपिअरचा. पावसात बागेतल्या एखाद्या दिव्यात पाणी शिरलं की अख्खं घर बंद, त्यात राउटर आणि कंट्रोलरही बंद. मग फोनवरून काय डोंबल करणार?

आता हा आरसीसीबी काढून टाकावा का? शेजारच्या वायरमनने अगदी तेच सुचवलं, “बाब, अर्थिंग चांगलं आहे, एमसीबी पुरे.” म्हणून अर्थिंग मोजलं. जांभ्या जमिनीत उन्हाळ्याच्या शेवटी ओल उरत नाही, मीटरने ३८ ओहम दाखवले. पंपाची फेज त्याच्या बॉडीला लागली तर या अर्थिंगमधून फार तर २३० भागिले ३८, म्हणजे ६ अँपिअर जातील. पंपाचा १० अँपिअरचा एमसीबी ६ अँपिअरवर कधीच पडणार नाही आणि पंपाची बॉडी जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर तशीच राहील. उलट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला हेच ६ अँपिअर दोनशे पट आहेत. बॉडीवर ५० व्होल्टच्या वर जायला नको असा हिशेब धरला, तर ३० मिलिअँपिअरसाठी अर्थिंग १,६०० ओहमच्या पुढे गेलं तरी चालतं. स्वतःच्या इलेक्ट्रोडवर अवलंबून असलेल्या अशा घरात अर्थ फॉल्टला एमसीबी उपयोगाचा नाही, हे वायरमनला आकडे लिहून दाखवल्यावर पटलं.

मग लीकेज मोजलं. लीकेजचा क्लॅम्प मीटर वेगळा मिळतो, मिलिअँपिअरमध्ये वाचणारा. साध्या क्लॅम्पने हे होत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घ्यायच्या. जे वाचन येतं तो बाहेर गळणारा करंट. कोरड्या हवेत सगळं चालू असताना मुख्य तारांवर ४.५ मिलिअँपिअर. यात बिघाड काहीच नाही. प्रत्येक एसएमपीएस आणि एलईडी ड्रायव्हरमध्ये विजेतला नॉइज दाबण्यासाठी फेज ते अर्थ छोटे कपॅसिटर असतात, ते सतत थोडं थोडं गळतात. मग बागेतल्या दिव्यांवर पाइपने पाणी मारलं आणि फक्त त्याच सर्किटवर मोजलं: ९. दोन्हींची बेरीज साडेतेरा. खरी बेरीज किंचित कमी भरते, पण हिशेबाला हीच धरावी.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ३० ला पडतो असा समज आहे. मानकाप्रमाणे तो १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. म्हणून नेहमीचं लीकेज रेटिंगच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे ९ च्या आत ठेवायचं. आमचं घर साडेतेरावर उभं होतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना जरा धक्का बसला की संपलं. ३० चा काढून १०० चा बसवला तर पडणं थांबेल, पण माणसाला शॉक लागण्यापासून जे संरक्षण ३० देतं ते १०० देत नाही. उपाय एकच, लीकेज वाटून द्यायचं.

शेवटी बसवलं ते असं. मुख्य ३२ अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी. मंजूर भार ५ किलोवॅट, म्हणजे २२ अँपिअरच्या आसपास, आणि मीटरपासूनची वायर ६ चौरस मिलिमीटरची. त्यामागे १०० मिलिअँपिअरचा ‘एस’ प्रकारचा, मुद्दाम जरा उशिरा पडणारा, ४० अँपिअरचा आरसीसीबी. त्याच्यामागे प्रत्येक सर्किटला स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ. वरचा साधा १०० चा घेतला तर उपयोग नाही. खरा दोष झाला की ६ अँपिअर दोघांनाही पुरून उरतात, आणि मग कोण आधी पडेल हे नशिबावर. उशीर हवाच.

पॅनलच्या मेंदूला, म्हणजे एसएमपीएस, कंट्रोलर आणि राउटरला, वेगळा सी-६ आरसीबीओ दिला. त्याच्यावर दुसरं काहीही नाही, अगदी मोबाइल चार्जरसुद्धा नाही. ६० वॅटच्या एसएमपीएसला चालताना एक अँपिअरही लागत नाही, पण वीज आल्या क्षणी तो कपॅसिटर भरून घेतो आणि एक मिलिसेकंदाच्या आत कित्येक अँपिअर खेचतो. बी-६ चा चुंबकीय भाग १८ ते ३० अँपिअरच्या दरम्यान उडतो, सी-६ चा ३० ते ६० च्या दरम्यान. एसएमपीएसच्या माहितीपत्रकात कोणत्या एमसीबीवर किती नग चालतील हे बऱ्याचदा दिलेलं असतं, ते बघा.

दिव्यांनाही सी-६ च. वायर दीड चौरस मिलिमीटरची, तिला १० चा चालला असता, वायरमनने तोच काढून ठेवला होता. पण मध्ये १० अँपिअरची रिले आहे. एमसीबी रेटिंगच्या १.४५ पटीवर तासाभरात पडला तरी चालतं अशी मानकाची मुभा असते, म्हणजे सी-१० मधून साडेचौदा अँपिअर बराच वेळ रिलेतून जाऊ शकतात. सगळे एलईडी मिळून भार ४०० वॅट, पावणेदोन अँपिअर. मग १० कशाला? शॉर्ट सर्किट झालं तर रिलेचे संपर्क चिकटू शकतात, हे मात्र कोणत्याही एमसीबीने पूर्ण टळत नाही. त्यामुळे दोष काढल्यावर दिवा बंद होतोय का ते तपासायचं. आणि वीज परत आल्यावर सगळे ड्रायव्हर एकदम पेटले तर सी-६ ही पडेल. ते सॉफ्टवेअरमध्ये सोडवलं: सुरुवातीला सगळ्या रिले बंद, मग एकेक.

```yaml
script:
  - id: dive_chalu
    then:
      - switch.turn_on: osari
      - delay: 300ms
      - switch.turn_on: divankhana
```

प्रत्येक स्विचला `restore_mode: ALWAYS_OFF` द्यायचं, नाहीतर या स्क्रिप्टला अर्थ नाही.

पंप १ अश्वशक्तीचा, चालताना साडेपाच अँपिअर, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. सी-१० ला ते सहज झेपतं, पण रिलेला नाही, म्हणून रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे जड करंट झेपणारा मोठा रिले, चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने पंप. गीझर २ किलोवॅटचा, पावणेनऊ अँपिअर, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, सी-१६ आणि त्यालाही कॉन्टॅक्टर. पॅनल पश्चिमेच्या भिंतीवर असल्यामुळे मेच्या दुपारी आत ४८ अंश झाले होते. एमसीबीचं रेटिंग ३० अंशांना धरलेलं असतं, त्यामुळे अशा उष्णतेत आणि शेजारी शेजारी गच्च बसवल्यावर १६ चा एमसीबी १२-१३ सारखा वागला तर आश्चर्य नको. एसएमपीएस ब्रेकरला चिकटून न लावता खाली, मोकळ्या जागेत लावा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो न्यूट्रलमध्ये. जुन्या डीबीत, म्हणजे ब्रेकरच्या पेटीत, सगळ्यांचा न्यूट्रल एकाच पट्टीवर असतो आणि रिले मॉड्यूल फक्त फेज तोडतं, त्यामुळे न्यूट्रलकडे लक्षच जात नाही. आरसीबीओ वेगवेगळे झाले की प्रत्येकाचा न्यूट्रल त्याच्याच खालून निघून त्याच दिव्याकडे गेला पाहिजे. ओसरीच्या दिव्याची फेज एका आरसीबीओची आणि न्यूट्रल दुसऱ्याचा असला, तर दिवा बंद असेपर्यंत सगळं शांत, आणि लावताक्षणी दोन्ही पडतात. दोन्ही एकदम पडले की न्यूट्रल उसना घेतलाय असं समजा, लीकेज शोधत बसू नका. जिन्याच्या टू-वे स्विचमध्ये हे हमखास सापडतं. आम्ही प्रत्येक न्यूट्रलवर सर्किटचा नंबर चिकटवला. मीटरकडची सगळी जोडणी परवानाधारक वायरमननेच केली.

चवथीला परीक्षा झाली. गणपतीवरच्या माटोळीभोवतीच्या माळा पेटल्या, बागेतले दिवे भिजलेले, बाकी सगळं चालू. मामींनी गीझर लावला आणि खट्कन त्याचा आरसीबीओ पडला. फक्त त्याचाच. पूर्वी आरतीच्या मध्यात अंधार झाला असता. गीझरच्या एलिमेंटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर असते, ती बंद घरात महिनोन्महिने हवेतला ओलावा शोषते. एलिमेंट सोडवून मेगर लावला तर फेज ते बॉडी १२ किलोओहम, म्हणजे २३० व्होल्टला १९ मिलिअँपिअर. आरसीबीओ बायपास करून गीझर तासभर चालवला की एलिमेंट वाळतं, असं सांगणारे भेटतात. तो तासभर गीझरच्या बॉडीला धरून ठेवायला कुणी तयार असेल तर बघा. आम्ही एलिमेंट बदललं.

आणि हो, खारी हवा लागून आरसीबीओची आतली यंत्रणा अडकू शकते. महिन्यातून एकदा तिथे जाणाऱ्या कुणालातरी प्रत्येकाचं टेस्ट बटण दाबायला सांगा. मेंदूच्या आरसीबीओचं सगळ्यात शेवटी, नाहीतर बाकीच्यांची नोंद तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही.